जाणार म्हणजे नक्की कधी

काकांच्या घरात "जाणार" हा शब्द जपून वापरावा लागतो. काका संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांचे मित्रही तिथलेच आणि त्याच वयाचे. फोन वाजला की काकू स्वयंपाकघरातूनच विचारतात, "कोण जाऊन राहिलं आता?" त्यामुळे त्या संध्याकाळी काका टीव्हीसमोर बसून मोठ्यांदा वाचू लागले, "जल्द ही जा रहा है," तेव्हा काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"कोण?"

"हा. मिशीवाला."

पडद्यावर एका जुन्या मराठी सिनेमाचं चित्र होतं. चित्रात एक भरघोस मिशांचा नट, आणि त्याच्या छातीवर लाल पट्टी. पट्टीवर तेच पाच शब्द.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "परवा तर गुडघ्याचं तेल विकून राहिला होता जाहिरातीत. काय झालं त्याले?"

"काय झालं ते नाही दिलं. फक्त जाऊन राहिला इतकंच दिलं."

मी वरच्या खोलीतून खाली वाटी परत करायला आले तोवर काकांनी कारखान्याच्या निवृत्तांच्या ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. एकाने फुलांचा हार टाकला. दुसऱ्याने, ज्याला हा नट कोण हेही माहीत नसावं, लिहिलं की कलाक्षेत्राची न भरून येणारी हानी झाली. तो माणूस मुंबईत आपल्या घरी निवांत भात खात बसला असेल, आणि इकडे जबलपुरात त्याचं सगळं उरकून झालं होतं.

मी वाटी हातात धरून पडद्याकडे बघत राहिले. मला त्या मिशांची काळजी नव्हती. जाणारा नट नव्हता, सिनेमा होता. तो माझा सिनेमा होता.

माझा म्हणजे माझ्या आईचा.

मी मूळची तळकोकणातली. सातवीनंतर शाळा सुटली. मामा इथे कारखान्यात होता, त्याने आणलं, शिवणकाम शिकवायला घातलं. पुढे मामा निवृत्त होऊन गावी गेला आणि मी राहिले. इथल्या सदर बाजारात फौजींचे गणवेश शिवायचं दुकान आहे, तिथे मी काजबटणं करते. राहते कांचघरला, काका-काकूंच्या वरच्या खोलीत. ही माणसं विदर्भाकडची. सकाळी काकूंची बुद्धवंदना वरपर्यंत ऐकू येते आणि तिच्यानंतर लगेच काकांचा चहावरून वाद. परक्या गावात मला यांनी घर दिलं, ताप आला तेव्हा काकूंनी रात्रभर पट्ट्या ठेवल्या, हे मी विसरत नाही. फक्त दरवर्षी करार नवा करताना काका एक वाक्य म्हणतात, "पोरगा परत आला तर खोली लागेल हां." पोरगा जर्मनीत आहे, घर घेऊन बसला आहे. तरी मी दर वेळी बॅग कुठे ठेवली आहे ते मनात आठवून घेते.

तर तो सिनेमा. मी लहान असताना आमच्या खाडीवर त्याचं शूटिंग झालं. तेव्हा पूल नव्हता, माणसं होडीने पलीकडे जायची. सिनेमातल्या नटीला होडीतून सासरी जायचं होतं आणि होडी रिकामी कशी दिसणार, म्हणून गावातल्या चार बाया बसवल्या. त्यात माझी आई. त्यांना नव्या साड्या नेसवल्या आणि सांगितलं की कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, पाण्याकडे बघा. शूटिंग संपल्यावर साड्या परत घेतल्या, हा राग आईच्या मनात आजही ताजा आहे. पण त्याहून मोठं भांडण वेगळंच.

सिनेमा गावात पडद्यावर दाखवला तेव्हा आई माझ्या मावशीच्या बाळंतपणासाठी मावशीच्या सासरी होती. आत्याने बघितला. आणि आत्याने गावभर करून टाकलं की सगळ्या बाया पाण्याकडे बघतायत आणि आमची वहिनी मात्र डोळे वटारून थेट कॅमेऱ्यात. तेव्हापासून आई म्हणते, "मी बघूक नाय." आत्या म्हणते, "सगळ्यांनी बघितलंय." लग्न असो, बारसं असो, कोणीतरी हा विषय काढतंच. आईने सिनेमा कधी पाहिलाच नाही. तिच्याकडे बटणांचा फोन, घरात टीव्ही आहे पण तो बातम्या आणि देवळातल्या कीर्तनापुरता.

मी मात्र पाहिला होता. काकांच्या टीव्हीवर मराठी सिनेमांच्या रांगेत तो एका रविवारी अचानक सापडला. होडी आली, मी टीव्हीच्या जवळ सरकले. आईने... पण ते पुढे सांगते. मी आईला फोन केला, "तुझा सिनेमा हयसर आसा. मोठ्या टीव्हीवर." ती म्हणाली, "मी येतंय." आजवर जबलपूर म्हटलं की तिला वाटायचं दिल्लीच्या पलीकडे कुठेतरी, आणि आता एका वाक्यात तिकीट हवं होतं. तिकीट काकूंनी काढलं. काकू रेल्वेत होत्या, पासाच्या खिडकीवर त्यांची अख्खी नोकरी गेली. आमच्याकडून इकडे थेट येणारी गाडी आठवड्यातून एकदाच. आई एकटी, मध्ये कुठे गाडी बदलायची तिची तयारी नाही, म्हणून तीच गाडी. येण्याचा दिवस महिन्याचा शेवटचा.

आणि आता ही लाल पट्टी.

"काका," मी म्हटलं, "नट नाही जात. सिनेमा जातोय."

"सिनेमा कुठे जाणार?"

"या ॲपवरून जाणार."

काकांनी चष्मा वर केला, परत वाचलं. मग ग्रुपवरचा हार आणि हात जोडलेलं चित्र बघितलं. काढून टाकलं नाही. "राहू दे," म्हणाले. "आज ना उद्या लागेलच."

माझा चेहरा बघून काकूंनी गॅस बंद केला. "काहून घाबरून राहिली? विचार नीट. अजी, हिची आई येऊन राहिली न त्याच्यासाठी."

काकांना एखादी गोष्ट माहीत नसेल तर ते गप्प बसत नाहीत, ते उदाहरण देतात. "सदरमध्ये ती साडीवाल्याची दुकान आहे की नाही? तू रोज समोरून जातेस. काय लिहिलंय त्याच्यावर?"

लिहिलं होतं ते सगळ्या जबलपूरला पाठ आहे. दुकान बंद हो रही है, आखिरी सेल. मी इथे आले तेव्हा तो फलक नवा होता. मग तो उन्हाने पांढरा झाला, तेव्हा मालकाने तोच मजकूर छापून नवा लावला. मधल्या काळात दुकानाला दुसरा मजला चढला.

"बस," काका म्हणाले. "हे तेच. आखिरी आखिरी करून लोकांना बसवायचं. कंपनी काय वेडी आहे? आपला माल कोण बाहेर फेकतो?"

"माल त्यांचा असेल तर ना," काकू म्हणाल्या.

काकांनी लक्ष दिलं नाही. पण मला ते पटलं नाही, कारण सेल लावणारा मोठ्या अक्षरात लावतो. इथे तर पहिल्या पानावर "नुकतंच आलं, नुकतंच आलं" असा ढोल, आणि जाणाऱ्यासाठी बोटभर पट्टी. पाहुणा आला की गल्लीला ऐकू जाईल असं स्वागत आणि निघाला की कोणी उठूनही बघत नाही, तसं.

दुसऱ्या दिवशी जर्मनीच्या दादाला व्हिडिओ कॉल लागला. टीव्हीचं खातं त्याच्याच पैशाचं, म्हणून त्याचा शब्द शेवटचा. काकांनी त्याला सगळं सांगितलं. दादाने आपल्या फोनवर शोधलं. काकू जवळ असल्या की तो मराठी बोलतो, एरवी हिंदी.

"बाबा, यहाँ तो है ही नहीं."

"क्या नहीं है?"

"सिनेमा. नावच येत नाही. तो गेला असेल."

माझा हात तोंडावर गेला. काकांनी मान वळवली. सिनेमा त्यांच्या पाठीमागे टीव्हीवर तसाच होता, मिशा, पट्टी आणि सगळं.

"अरे, इथे दिसतोय."

"बाबा, तुम्ही पुराना स्क्रीन बघताय. एकदा बंद करून चालू करा."

काकांनी टीव्ही बंद केला, चालू केला. मिशा परत आल्या. दादा म्हणाला, राऊटर बंद करा. राऊटर बंद झाला तेव्हा दादाच बंद झाला, कारण तोही त्याच वायफायवर होता. परत फोन लागेपर्यंत काका म्हणत राहिले की इंजिनियर झालेला पोरगा सांगतोय, गेलाय म्हणजे गेलाय, आपल्याला जे दिसतंय तो भास. मी रिमोटने सिनेमा चालू केला. भास छान चालत होता, गाण्यासकट.

दादाने मग दुसरं सुचवलं. डाउनलोड करून ठेवा, मग गेला तरी चालेल. काकांना हे फार आवडलं. त्यांनी आपल्या फोनवर सिनेमा उतरवला, बोटाने दाबून दाखवला आणि फोन खिशात ठेवून वर थाप मारली. "आता कोण नेतो बघू." त्या दिवशी ते भाजी आणायला ओमतीला गेले तर तिथेही थाप मारून आले.

मला हे सगळं बघून हायसं वाटायला हवं होतं. पण मी कसल्याही गोष्टीवर निश्चिंत होत नाही, हा माझा स्वभाव आहे. काकांचा फोन छोटा, पण निदान आईला दिसेल तरी, असं स्वतःला सांगत होते, आणि तरी दुकानात काज उलटं कापलं. मास्टर म्हणाले, "दीदी, कर्नल साहब की वर्दी है, पर्दा नहीं."

उत्तर शेवटी काकूंकडून आलं, आणि तेही चिडून. काका दोन दिवस नुसती चित्रावरची पट्टी वाचत होते. काकूंनी रिमोट घेतला आणि सिनेमावर दाबलं. चालू करण्याचं नाही, "अधिक जानकारी"चं. नाव, साल, किती वयाच्या वरच्यांनी बघावा ते, खाली कथेच्या दोन ओळी. आणि त्यांच्यातच, एवढ्या बारीक अक्षरात की काकांनी वर्षानुवर्षं त्याच पानावरून पुढे उड्या मारल्या होत्या: देखने का आखिरी दिन, आणि पुढे एकतीस तारीख.

"लिहून ठेवलंय न बाप्पा," काकू म्हणाल्या. "पट्टी म्हणते लवकर, आत तारीख आहे. खिडकीवर लोकं असेच यायचे. पास उलटा धरायचे अन् विचारायचे कधी संपून राहिला."

एकतीस. आईची गाडी एकतीसला सकाळी.

मी सोफ्याच्या कडेला बसले. काका मनातल्या मनात हिशोब करून म्हणाले, "म्हणजे एकतीस उजाडली की गेला. आई येईल तेव्हा नाही राहणार."

"नाही," काकू म्हणाल्या. "एकतीस धरून."

"आखिरी दिन म्हणजे त्या दिवशी निघून जाणार."

"अजी, देखने का आखिरी दिन. बघायचा शेवटचा दिवस. जायचा नाही. पासावर 'तक' लिहिलेलं असलं की तो दिवस धरतात. त्या दिवशी पकडलं तर टीसीच चूक."

"हे रेल्वे नाही."

"तुमचा कारखानाही नाही."

दोघं चाळीसएक वर्षं एकमेकांच्या खात्याला नावं ठेवत आलेत, त्यामुळे हे लवकर संपणार नव्हतं. मी हळूच म्हटलं की मदतीचा नंबर असतो, विचारून बघू या का. मला वाटलं होतं मीच लावीन. पण मोठ्या आवाजात हिंदी बोलायची संधी काका दुसऱ्याला देत नाहीत. त्यांनी स्पीकरवर लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून दमलेली.

"मॅडम, एक तारीख लिखी है इकतीस. तो इकतीस को दिखेगा कि नहीं?"

"जी सर, इकतीस तक देख सकते हैं. इकतीस शामिल है. उसके बाद हट जाएगा."

काकूंनी काकांकडे बघितलंसुद्धा नाही. कांदा चिरत राहिल्या, फक्त जरा जोरात.

"ठीक है. और मैंने डाउनलोड करके रखा है, वो तो रहेगा?"

"नहीं सर. टाइटल हटने के बाद डाउनलोड भी नहीं चलेगा."

काकांचा हात खिशावर गेला, पण या वेळी थाप मारली नाही. "मेरे फोन में है, मेरे फोन से कैसे निकालोगे?"

"सर, फोन आपका है. फिल्म का लाइसेंस हमारे पास उतने ही समय का है."

मग काकांनी जर्मनीचा प्रश्न विचारला, कारण दादाची इज्जत वाचवायची होती. मुलगी म्हणाली, हर देश का अलग होता है सर, जिस देश में बैठकर देखेंगे, वहाँ का ही दिखेगा. म्हणजे दादाला सिनेमा दिसत नव्हता, कारण तो जर्मनीत बसला होता. राऊटरची काही चूक नव्हती. बिचाऱ्याला उगाच बंद-चालू केलं.

मला राहवलं नाही. मी पुढे वाकून विचारलं, "मॅडम, वापस आएगा क्या?"

"कह नहीं सकते मॅम. कभी करार आगे बढ़ जाता है तो पट्टी ही हट जाती है. कभी बाद में वापस आता है, कभी किसी और ऐप पर. अभी जो तारीख है, वही मानकर चलिए."

फोन ठेवला. काका म्हणाले, "म्हणजे माझंही बरोबर होतं. जाणार म्हणालो, जाणारच आहे."

मी वर खोलीत आले आणि विचार करत बसले. सिनेमासुद्धा भाडेकरूच निघाला. एवढी मोठी कंपनी, आणि घर तिचं नाही, तीही करारावर. करार वाढला तर ठीक, नाही तर बॅग. माझ्यावर निदान कोणी लाल पट्टी लावली नव्हती. हे एक बरं वाटलं.

त्यानंतर रोज दुकानातून आल्यावर मी आधी ते पान उघडायचे. पट्टी गेली असेल का, तारीख पुढे सरकली असेल का. दुसऱ्या दोन ॲपवरही शोधलं, तिथे नावच नव्हतं. पट्टी रोज तशीच. काकूंनी सुचवलं की आईला सांग, आधीच्या आठवड्याच्या गाडीने ये. पण त्या गाडीत जागा नव्हती, आणि आईने घरातले आंबे पिकायला घातले होते, ते सोडून ती येणार नव्हती. तिला फोनवर मी एवढंच सांगितलं, "आई, एकतीसलाच बघूचा लागात. दुसऱ्या दिवशी नाय गावाचो."

"काय गो? नासता काय तो?"

"नाही, जातो."

"खय जातो?"

हे तिला मी समजावू शकले नाही. अजूनही नीट येणार नाही.

"आणि गो," तिने आवाज खाली केला, "मी बघतंय काय तेच्यात? खरा सांग."

"येऊन बघ," मी म्हटलं.

एकतीसला गाडी सकाळी यायची होती. सकाळी काकूंनी फोनवर बघितलं, दुपार. दुपारी बघितलं, संध्याकाळ. काका मात्र आनंदात होते, रेल्वेला शिव्या द्यायला मिळाल्या. "एकतीस धरून, एकतीस धरून," ते म्हणत होते, "तुमच्या खात्याची गाडी एकतीस धरून येते का बघू." काकूंनी त्यांना रिमोटला हात लावू दिला नाही, कारण त्यांना भीती की बातम्या लावतील आणि सिनेमाचं पान हरवेल. तेही खरं तर कुठे हरवत नाही. पण त्या दिवशी कुणालाच कशाची खात्री नव्हती.

आई उतरली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत आंब्याच्या पेट्या आणि डोक्यावर तिसरी. मला बघून पहिलं वाक्य, "गाडी मेली खय खय थांबता!" मी तिला मिठी मारली आणि लगेच रिक्षात घातलं. तिला वाटलं मी आजारी आहे.

घरी आल्यावर आईला काहीच घाई नव्हती. तिने पाय धुतले. काकूंना पेटी दिली, प्रत्येक आंबा कधी खायचा ते दाबून सांगितलं. काकूंना तिचं निम्मं कळलं नाही, तिला काकूंचं निम्मं कळलं नाही, आणि दोघी एकमेकींशी भरभरून बोलत राहिल्या. काकूंनी तिला जेवायला बसवलं, आई म्हणाली आंघोळ करून जेवते. मी मधूनमधून टीव्हीकडे बघत होते. मिशा आणि पट्टी. काका कुजबुजले, "आज जाऊन राहिला, अन् तुझी आई साबण लावून राहिली."

शेवटी अंधार पडता पडता आम्ही चौघं बसलो. आई खुर्चीत बसली नाही, टीव्हीच्या अगदी जवळ चटईवर. सिनेमा सुरू झाला. काकांनी गाणी पुढे ढकलायची परवानगी मागितली, आई म्हणाली नको, सगळाच दाखवा. मिशीवाला आला तेव्हा काकांनी जरा आदराने बघितलं, जसं मेलेल्या माणसाला बघतात.

खाडी आली. आमची जुनी जेटी, माडांची ओळ, आणि होडी. नटी पुढे रडतेय. मागे चार बाया. तिघी पाण्याकडे बघतायत. चौथी, कोवळी, नवी साडी चोळामोळा करत बसलेली माझी आई, सरळ आमच्याकडे बघतेय. डोळे एवढे मोठे. आत्याने सांगितलं होतं त्याच्या दुप्पट. नटीच्या रडण्याकडे कुणाचं लक्ष जाईल असं नव्हतंच.

काका हसणार होते. काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

होडी पडद्यावरून निघून गेली. मग आई म्हणाली, "परत लाव."

मी मागे नेलं. परत तेच डोळे.

"मी खय बघतंय?" आई म्हणाली. "तोच माका बघी होतो!"

काकांना याचं भाषांतर लागलं नाही. ते एवढे हसले की काकूंनी पाणी आणलं. आईही हसली, तोंडावर पदर घेऊन. मग तिने ते दृश्य आणखी एकदा लावायला लावलं, आणि त्या मुलीकडे बघत राहिली, जरा वेळ, हसू विरेपर्यंत. "साडी चांगली होती मां," एवढंच म्हणाली.

सकाळी मी उठून खाली आले तर आई आणि काका टीव्हीसमोर होते. काका शोधत होते. नाव टाकलं, दुसरेच सिनेमे आले. आमच्या आवडीच्या यादीतूनही तो गायब. काकांनी फोन काढून डाउनलोड दाबलं. तेही चाललं नाही. त्यांनी फोन उताणा करून बघितला, जणू तो मागून निघून गेला असावा.

"गेलो?" आईने मला विचारलं.

"गेला."

"नक्की?"

"नक्की."

"आत्येक दिसाचो नाय आता? तिच्या झिलाच्या फोनावर?"

"आत्याच्या मुलाच्या फोनवर काय, भारतात कुठेच या ॲपवर दिसणार नाही, आई."

आईने माझा फोन मागितला आणि गॅलरीत जाऊन आत्याला लावला. दार अर्धं उघडं होतं. "वन्सं, मी बघितलंय. माझ्या डोळ्यांनी. मी पाण्याकडेच बघी होतंय. हां. बाजूची बघता कॅमेऱ्यात, मी नाय. तुका खोटा वाटता तर लाव नि बघ." मग थोडं थांबून, अगदी गोड आवाजात, "नाय गावत? असो कसो? कालपर्यंत होतो मां."

काका खुर्चीतून उठले. खोटं सहन होत नाही असा त्यांचा दावा आहे. "पण ती फोनवरची मुलगी म्हणाली होती, परतही येऊ शकतो..."

"अजी," काकू म्हणाल्या, "बसा."

काका बसले. आई आत आली, फोन माझ्या हातात दिला आणि काकूंना विचारलं की काल तो आंबा कोणी कापला, तो आज खायचा होता.

आई गावी गेली त्याला आता बरेच महिने झाले. आत्या गप्प आहे. आणि मी, दुकानातून आल्यावर, पाय धुवायच्या आधी, काकांच्या टीव्हीवर ते नाव टाकून बघते. सापडलं नाही की मग चहा टाकते.